‘हॅव’ मराठीत कुठे जातं? एका पत्रातल्या सहा वाक्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

वेल्समध्ये वाढलेली, नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आलेली आणि सातारच्या मुलाशी लग्न केलेली एक तरुणी पुण्यातल्या एका शिक्षिकेकडे व्हिडिओ कॉलवर मराठी शिकत होती. ओळख उघड होऊ नये म्हणून दोघींची नावं गाळली आहेत. सोयीसाठी शिकणारीला सूनबाई आणि शिकवणाऱ्या शिक्षिकेला बाई म्हणू.

सूनबाईंची तयारी बरी होती. देवनागरी वाचता येत होती. साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ पक्का झाला होता. ‘मी पोळी खाल्ली’ पण ‘मी पोहे खाल्ले’ हे, म्हणजे भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं हेसुद्धा बऱ्यापैकी अंगवळणी पडलं होतं. त्यानंतर पूर्ण वर्तमानकाळ आला. पाठ्यपुस्तकात त्याच्यासमोर इंग्रजीतलं नाव छापलेलं होतं : प्रेझेंट परफेक्ट. कृती सोपी होती. भूतकाळाचं रूप घ्या आणि त्याला ‘आहे’ जोडा. केलं आहे, गेला आहे, आले आहेत. बोलताना तेच केलंय, गेलाय, आलेत.

आपल्याकडच्या शाळांतही हे दोन काळ असेच समोरासमोर मांडतात. मराठी मुलाला इंग्रजी शिकवताना त्याने फारसं बिघडत नाही, कारण इंग्रजी वाक्य समोर असतं आणि त्याचा अर्थ मुलगा मराठीच्या जोरावर सावरून घेतो. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र हा आधार नसतो. त्याला इंग्रजीत ‘हॅव’ दिसलं की तो ‘आहे’ लावतो, आणि तसंच लावायला आपण त्याला शिकवलेलं असतं.

अडचण कशी समोर आली

सूनबाईंना सासूबाईंना मराठीत पत्र लिहायचं होतं. आधी इंग्रजीत लिहून मग त्यांनी त्याचं मराठी केलं. पत्रातली सहा वाक्यं अडली, म्हणून ती मूळ इंग्रजीसह बाईंकडे पाठवली. इंग्रजी वाक्यं अशी :

१. आय हॅव लिव्ड इन बर्मिंगहॅम फॉर टेन इयर्स.
२. आय हॅव लॉस्ट द मसाला रेसिपी यू गेव्ह मी.
३. माय मदर हॅज बीन टू कोल्हापूर.
४. ही हॅज गॉन टू लंडन फॉर वर्क. (नवऱ्याबद्दल.)
५. आय हॅव नेव्हर मेड पुरणपोळी.
६. हॅव यू रिसीव्ड द पार्सल?

सूनबाईंचं मराठी असं होतं :

१. मी दहा वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहिले आहे.
२. तुम्ही दिलेला मसाल्याचा कागद हरवला आहे.
३. माझी आई कोल्हापूरला गेली आहे.
४. तो कामासाठी लंडनला गेला आहे.
५. मी पुरणपोळी कधीच केली आहे नाही.
६. तुम्हाला पार्सल मिळालं आहे का?

बाईंनी त्याच दिवशी सहाही वाक्यं नीट करून परत पाठवली :

१. मी गेली दहा वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहते आहे.
२. तुम्ही दिलेला मसाल्याचा कागद माझ्याकडून हरवला.
३. माझी आई कोल्हापूरला जाऊन आली आहे.
४. तो कामासाठी लंडनला गेला आहे.
५. मी पुरणपोळी कधीच केलेली नाही.
६. तुम्हाला पार्सल मिळालं का?

भाषांतर म्हणून यात खोट काढायला जागा नाही. पण सूनबाईंचं उत्तर आलं ते असं : इंग्रजीत सहाही वाक्यं एकाच काळातली आहेत, तुम्ही त्यांची पाच वेगवेगळी रूपं केलीत आणि माझं फक्त एक वाक्य जसंच्या तसं राहिलं, मग मी शिकले तो पूर्ण वर्तमानकाळ वापरायचा तरी कुठे?

त्याच सुमारास आणखी एक गंमत घडली. साताऱ्याला फोन केल्यावर धाकट्या दिरांनी सांगितलं, ‘‘आई झोपलीये.’’ सूनबाईंच्या डोक्यात ‘झोपली आहे’ म्हणजे ‘हॅज स्लेप्ट’, म्हणजे झोप झाली, आता उठल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘‘छान, मग द्या ना त्यांना फोन!’’ दीर क्षणभर गप्प झाले आणि आईंना उठवायला गेले. हा किस्सा त्यांनी पत्राच्या गडबडीत सहज जाता जाता सांगितला. प्रश्नाची किल्ली त्यातच होती, पण ती दोघींच्या लक्षात आली बऱ्याच नंतर.

कोणती वाक्यं खरोखर चुकली होती

पुढे काय केलं ते पाहण्याआधी सूनबाईंची सहा वाक्यं सासूबाईंच्या कानांनी ऐकायला हवीत. सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नव्हत्या.

पहिलं वाक्य व्याकरणात बसतं, पण सांगतं उलटं. ‘मी दहा वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहिले आहे’ हे माणूस म्हणतो ते तिथलं राहणं संपल्यावर. ‘मला नका सांगू कोल्हापूरचं, मी पाच वर्षं राहिलोय तिथे,’ असं म्हणणारा आज कोल्हापुरात नसतो. म्हणजे सासूबाईंना वाटलं असतं की मुलाने आणि सुनेने घर बदललं आणि आपल्याला कळवलंसुद्धा नाही.

तिसरं वाक्य तर घरात वादळ उठवणारं. ‘माझी आई कोल्हापूरला गेली आहे’ म्हणजे विहीणबाई आत्ता कोल्हापुरात आहेत. वेल्सहून इतक्या लांब आल्या, साताऱ्यावरून पुढे गेल्या आणि घरी पायसुद्धा लावला नाही! मूळ इंग्रजीचा अर्थ एवढाच होता की आईने कोल्हापूर एकदा पाहिलेलं आहे.

पाचवं वाक्य व्याकरणातच बसत नाही, पण अर्थ कळतो. सहाव्यात चूक अशी काही नाही, फक्त सूर कोरडा आहे. पार्सल मिळालं आहे का, असं कुरिअरवाला विचारेल. सासूला सून विचारते ‘मिळालं का?’ दुसरं आणि चौथं वाक्य बरोबरच होतं. दुसऱ्यात बाईंनी ‘माझ्याकडून’ घातलं आणि ‘आहे’ काढलं, ते कबुलीचा सूर यावा म्हणून. हा निव्वळ पसंतीचा बदल होता.

थोडक्यात, सहापैकी दोन वाक्यांनी खरंच गोंधळ उडाला असता. पण दुरुस्त वाक्यांची यादी कसल्याही खुणा न करता गेली, त्यामुळे सूनबाईंना सगळंच पाडून नव्याने बांधल्यासारखं दिसलं.

कोणते मार्ग समोर होते

समजावण्याचे तीन मार्ग बाईंसमोर होते.

पहिला मार्ग म्हणजे पाठ्यपुस्तकातली जोडी कायम ठेवायची आणि बाकीच्या वाक्यांना अपवाद म्हणायचं. हे झटपट झालं असतं. पण सहापैकी चार अपवाद असतील तर त्याला नियम कोण म्हणेल?

दुसरा मार्ग इंग्रजीच्या बाजूने जाणारा. इंग्रजी व्याकरणात प्रेझेंट परफेक्टचे उपयोग वेगळे करून सांगतात : अजून चालू असलेली गोष्ट, आयुष्यात कधीतरी घेतलेला अनुभव, मागे उरलेला परिणाम, ताजी बातमी. प्रत्येक उपयोगासमोर मराठी रूप लिहून तक्ता करायचा. बाईंनी असा तक्ता करायला घेतलाही होता. पण आपण बोलतोय तो अनुभव की परिणाम, हे बोलता बोलता ठरवणं इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही जड जातं, कारण त्याने ते कधी वेगळं केलेलंच नसतं. तक्ता परीक्षेला उपयोगी पडतो. फोनवर बोलताना तो हाताशी नसतो.

तिसरा मार्ग इंग्रजी वाक्याकडे पाठ फिरवून प्रत्यक्ष परिस्थितीला प्रश्न विचारण्याचा. ‘हॅव’ पाहायचंच नाही. क्रिया अजून चालू आहे का? संपली असेल तर तिचं काही समोर उरलं आहे का? की फक्त घडलं एवढंच सांगायचं आहे? बाईंनी हा मार्ग निवडला. या प्रश्नांची उत्तरं शिकणारीला स्वतःच्या आयुष्यातून देता येतात, त्यासाठी व्याकरणातली नावं लागत नाहीत.

प्रत्यक्षात काय केलं

पुढच्या तासाला बाईंनी पहिला प्रश्न सोडवायला घेतला : अजून चालू आहे का? तोच आधी घेण्याचं कारण, सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होती.

इंग्रजीत ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ लावून आजपर्यंत चालत आलेली गोष्ट सांगायची असेल तर ‘हॅव’ लागतंच. मराठीला ती गोष्ट आज चालू असणं पुरतं आणि ती सरळ वर्तमानकाळात जाते. मी दहा वर्षांपासून इथे राहते आहे. मी त्याला लहानपणापासून ओळखते. सकाळपासून पाऊस पडतोय. सुरुवात कधी झाली हे ‘पासून’ सांगतं, किंवा ‘गेली दहा वर्षं’ मधलं ‘गेली’ सांगतं. क्रियापदाला भूतकाळात ओढण्याची गरज पडत नाही. बाईंनी एक छोटी परीक्षाही दिली : ‘पासून’ आणि ‘राहिले आहे’ एका वाक्यात ठेवून बघा. ‘मी दहा वर्षांपासून राहिले आहे’ हे मराठी कानाला लगेच खटकतं. ‘पासून’ म्हणतं चालू आहे, ‘राहिले आहे’ म्हणतं होऊन गेलं.

दुसरा प्रश्न : संपलेल्या क्रियेचं काही उरलं आहे का? इथे ‘आहे’ लागतं, आणि इंग्रजीशी सगळ्यात जवळची गाठ इथेच पडते. कागद हरवला आहे, म्हणजे आत्ता सापडत नाही. तो लंडनला गेला आहे, म्हणजे घरी नाही. परीक्षा अशी : वाक्यापुढे ‘पण’ लावून परिणाम पुसून पाहायचा. ‘कागद हरवला, पण नंतर सापडला’ हे चालतं. ‘कागद हरवला आहे, पण नंतर सापडला’ हे डळमळतं, कारण ‘आहे’ने तो कागद अजून हरवलेला ठेवला आहे.

मग तिसरं वाक्य. आई कोल्हापूरला गेली आणि परत आली. परत आल्यावर तिच्या जाण्याचं समोर काही उरत नाही, म्हणून ‘गेली आहे’ चालत नाही. इंग्रजीत ‘गॉन’च्या जागी ‘बीन’ ठेवून हा फरक दाखवतात. मराठी येणं-जाणं दोन्ही बोलून दाखवते : जाऊन आली. बाजारात जाऊन आले, डॉक्टरकडे जाऊन आलो, काशीला जाऊन आल्या. बाईंनी इथे एक सावधगिरीची सूचना दिली. ‘मी कोल्हापूरला गेलेली आहे’ असं स्वतःबद्दल म्हटलं तर ऐकणारा अनुभव समजून घेतो, कारण बोलणारी समोर दिसत असते. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना हा आधार सुटतो. म्हणून शिकणाऱ्याने सरळ ‘जाऊन आली’ची सवय लावावी.

तिसरा प्रश्न : फक्त घडलं की नाही एवढंच हवं आहे का? तर साधा भूतकाळ. पार्सल मिळालं का? जेवलात का? पोचलात का? गाडी आली. घरगुती बोलण्यात इंग्रजीतल्या ‘हॅव यू’च्या प्रश्नांचा मोठा हिस्सा इकडे वळतो. ‘आहे’ लावलं म्हणून वाक्य चुकत नाही, पण मग विचारणाऱ्याला आत्ताच्या स्थितीशी काही काम आहे असं वाटतं. रक्त तपासायला गेल्यावर तिथला माणूस विचारतो, ‘‘सकाळी काही खाल्लंय का?’’ त्याला पोट रिकामं आहे की नाही हे हवं असतं. सासूबाई फोनवर ‘‘जेवलीस का?’’ म्हणतात तेव्हा तसा काही हिशेब नसतो.

कालची गोष्ट आणि ‘आहे’

इथे सूनबाईंनी एक चांगला प्रश्न विचारला. ‘काल’ आलं की ‘आहे’ लावायचं नाही ना? इंग्रजीत ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ चालत नाही. तिथे गेलेल्या काळाचा ठरावीक क्षण सांगितला की ‘हॅव’ला जागा उरत नाही.

मराठीत अशी बंदी नाही. ‘मी कालच पैसे पाठवलेत’, ‘त्याने परवा फॉर्म भरलाय’ ही रोजची वाक्यं आहेत. क्रिया कधी झाली हे ‘काल’ने सांगितलं, पैसे तुमच्या वाटेवर आहेत हे ‘आहे’ने सांगितलं, आणि दोघं एका वाक्यात सुखाने नांदतात. म्हणून तर आपल्यापैकी अनेकजण इंग्रजीत ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ लिहून मोकळे होतात. सूनबाईंचा नवरा हे वाक्य नेमाने बोलत असे आणि त्या ते नेमाने दुरुस्त करत असत. ते कुठून येतं, हे त्यांना त्या तासाला कळलं.

बाईंनी यावर जास्त वेळ घालवला नाही, आणि ते योग्यच होतं. शिकणारीने ‘काल’ असताना साधा भूतकाळ वापरला तर काहीही बिघडत नाही. दुसरा कोणी ‘काल पाठवलंय’ म्हणाला तर तिला ते समजावं, एवढं पुरेसं.

नियम जिथे अडला

पत्राचा दुसरा खर्डा आला तेव्हा पहिली सहा वाक्यं नीट होती. सूनबाईंनी स्वतःहून एक नवीन वाक्य घातलं होतं :

मी दोन वर्षांपासून तुम्हाला भेटत नाही.

त्यांना म्हणायचं होतं, ‘आय हॅवन्ट सीन यू फॉर टू इयर्स.’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं होतं. दोन वर्षांपासून? हो. अजून चालू? हो, अजून भेट नाही. म्हणून वर्तमानकाळ. नियम जसा सांगितला होता तसाच लावला, आणि वाक्य झालं भांडणाचं. ‘मी तुम्हाला दोन वर्षांपासून भेटत नाही’ म्हणजे भेटू शकते, पण ठरवून टाळते. ‘तो माझ्याशी सहा महिन्यांपासून बोलत नाही’ यातला अबोला तो हाच.

कारण असं आहे. वर्तमानकाळाचा नकार मराठीत सवयीचा नकार असतो : मी चहा पीत नाही, तो मांस खात नाही. करत राहण्याची जागा आहे आणि माणूस ती नाकारतो आहे. भेट ही राहण्यासारखी लांब चालणारी क्रिया नाही, ती एकदा घडते. तिच्याबाबतीत सांगायचं असतं ते तिचं न घडणं, आणि न घडलेली गोष्ट मराठीत भूतकाळाच्या रूपानेच नाकारली जाते : दोन वर्षांत आपली भेट झालेली नाही. किंवा वाक्याचा रोख बदलून उलटलेल्या काळालाच पुढे करायचं : तुम्हाला भेटून दोन वर्षं झाली. दुसरी रचना घरगुती आणि आपुलकीची आहे, म्हणून पत्रात तीच गेली.

म्हणजे पहिला प्रश्न फक्त होकारी वाक्यांना लागू होता. हे सुरुवातीला सांगितलं गेलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं असं म्हणणंही सोपं आहे. मराठी बोलणाऱ्याला ‘दोन वर्षांपासून भेटत नाही’ हे वाक्य त्या अर्थाने सुचतच नाही, त्यामुळे इथे कुंपण घालायला हवं हे आधी ध्यानात येत नाही.

इथून नकाराचा विषय उघडला, आणि तो पाचव्या वाक्याशी जाऊन भिडला. ‘केली आहे नाही’ का चालत नाही? कारण ‘नाही’ स्वतःच ‘आहे’ची जागा घेतं. ती घरात आहे, ती घरात नाही. तसंच ‘तो आला आहे’ याचा नकार होतो ‘तो आला नाही’. पण ‘तो आला’ या साध्या भूतकाळाचा नकारही ‘तो आला नाही’ असाच होतो. होकारात वेगळी असणारी दोन रूपं नकारात एकमेकांत मिसळतात. संदर्भ असेल तर अडत नाही : ‘काल तो आला नाही’ ही गेलेली गोष्ट, ‘अजून तो आला नाही’ ही आत्ताची. संदर्भ नसेल आणि आत्ताची स्थिती ठासून सांगायची असेल तेव्हा ‘-लेला’ मदतीला येतो : तो आलेला नाही, मी पुरणपोळी कधीच केलेली नाही. बोलताना लोक ‘आला नाहीये’ म्हणतात, त्याचंही काम तेच.

‘अजून’ आणि ‘कधीच’ दिसले की ‘-लेला नाही’ वापरावं, एवढी एक सवय बाईंनी सांगितली. या दोन शब्दांसोबत साधा नकारही चालतो, पण शिकणाऱ्याला एकच वाट दिलेली बरी.

परिणाम

पत्र गेलं. त्यात ‘तुम्हाला भेटून दोन वर्षं झाली’ होतं, ‘आई कोल्हापूरला जाऊन आली आहे’ होतं, आणि मसाल्याच्या कागदाचं वाक्य सूनबाईंनी विचार करून स्वतःच्या पहिल्या रूपाकडे परत नेलं : ‘हरवला आहे’. बाईंनी विचारल्यावर त्यांनी कारण सांगितलं. ‘हरवला’ म्हटलं की घडलेलं सांगून मी मोकळी झाले असं वाटतं. मला तो कागद परत हवा आहे, अजून सापडलेला नाही, हे सासूबाईंना कळायला हवं. बाईंनी ते वाक्य तसंच ठेवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला समजल्याचा खरा पुरावा हा आहे. दोन्ही रूपं बरोबर असताना कोणतं का निवडलं, हे शिकणारी स्वतः सांगू शकली.

सासूबाईंनी कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण फोनवर पुन्हा सांगितलं आणि ते दिरांनी टाइप करून पाठवलं.

सगळंच जमलं असं नाही. बोलताना सूनबाई पुढेही बरेच दिवस ‘जेवला आहात का?’ विचारत राहिल्या. लिहिताना प्रश्न विचारायला वेळ असतो, बोलताना ‘हॅव’ आधी जिभेवर येतं. बाईंनी त्यावर नियम सांगणं थांबवलं. जेवलात का, पोचलात का, झालं का, मिळालं का, उठलात का असे रोजचे प्रश्न पाठ करून घेतले. काही गोष्टी समजून घेण्यापेक्षा घोकून लवकर येतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा दुरुस्त वाक्यं परत पाठवण्याचा. सहाही वाक्यं सरसकट परत पाठवण्याऐवजी त्यांचे तीन गट करून पाठवता आले असते : ही दोन वाक्यं भलताच अर्थ देतात, हे एक व्याकरणात बसत नाही, ही तीन बरोबर आहेत आणि त्यांपैकी दोन मी असं म्हटलं असतं. मग सूनबाईंना पाच रूपांचा डोंगर दिसला नसता. त्यांना दोनच ठिकाणी थांबावं लागलं असतं. पसंतीची दुरुस्ती आणि चुकीची दुरुस्ती एकाच शाईत गेली की शिकणारा स्वतःच्या बरोबर वाक्यांवरचाही विश्वास गमावतो. ‘हरवला आहे’ हे बरोबर वाक्य बदललं गेलं, ते परत यायला दोन खर्डे लागले.

दुसरा मुद्दा क्रमाचा, आणि इथे झोपलेल्या सासूबाई परत येतात. मराठीत ‘झोपली आहे’ म्हणजे आत्ता झोपेत आहे. ‘बसली आहे’ म्हणजे बसलेली दिसते आहे. ‘लाल साडी नेसली आहे’, ‘चष्मा घातला आहे’, ‘दाराशी उभा राहिला आहे’ या सगळ्यांत क्रिया घडून गेली आणि तिने आणलेली स्थिती समोर आहे. इंग्रजीत यांपैकी बहुतेकांना ‘हॅव’ लागत नाही. तिथे ‘इज स्लीपिंग’, ‘इज सिटिंग’, ‘इज वेअरिंग’ म्हणतात. म्हणजे हाच मराठी काळ दुसऱ्या टोकाने इंग्रजीच्या चालू वर्तमानकाळात शिरतो.

पूर्ण वर्तमानकाळ शिकवण्याची सुरुवात या वाक्यांपासून झाली असती तर? घरातला एक फोटो समोर ठेवायचा. आजोबा खुर्चीत बसले आहेत, आजी नऊवारी नेसली आहे, मांजर पायरीवर झोपलं आहे, दार उघडलेलं आहे. ‘आहे’ म्हणजे समोर दिसणारी स्थिती, हे डोळ्यांनी कळलं असतं आणि ‘हॅव’चं नाव निघायच्या आत पक्कं झालं असतं. त्यानंतर ‘लंडनला गेला आहे’ हे आपोआप ‘आत्ता तिथे आहे’ असं ऐकू आलं असतं, आणि आईला कोणी न कळवता कोल्हापूरला धाडलं नसतं. बाईंनी पुढच्या शिकणाऱ्यांसाठी हाच क्रम ठेवला. पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी नाव त्या शेवटच्या तासाला सांगतात.

याला एक किंमत आहे, ती सांगायला हवी. फोटोने सुरुवात केलेले शिकणारे अनुभवाच्या वाक्यांत अडखळतात. ‘मी पिठलं खाल्लंय’ यात समोर काय दिसतं? पिठलं केव्हाच पचलं. उरतं ते एवढंच की पिठलं आता मला अनोळखी नाही, आणि ही स्थिती फोटोत येत नाही. बाई तिथे ‘कधी’ घालून प्रश्न विचारायला लावतात : तुम्ही कधी पिठलं खाल्लंय का? तुम्ही कधी रायगड पाहिलाय का? या प्रश्नांत ‘आहे’ गाळलं तर ‘तुम्ही कधी रायगड पाहिलात?’ होतं, आणि ऐकणारा तारीख सांगायला लागतो.